मामीचा डाव: प्रकल्प नोंदी

3 नोव्हेंबर

ही वही मी माझ्यासाठी ठेवतोय. हिंगणघाटपासून आत असलेल्या आमच्या गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. संध्याकाळी सातनंतर गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मी कॉम्प्युटरवर खेळतो. परवा मामी पीक विम्याची पावती घ्यायला आल्या आणि स्क्रीनकडे बघत राहिल्या. "हे बाया झाडं कापून रायल्या का रे?" मी म्हटलं, हो, आणि त्यांना कामाला मी लावलंय. मामी म्हणाल्या, "मग दोघी रिकाम्या काऊन उभ्या हायेत?"

मला त्या दोघी दिसल्याच नव्हत्या.

खेळ झिरो ए.डी. म्हणजे `0 A.D.`. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, एकदा उतरवून घेतला की नेट लागत नाही. न थांबता चालणारा डावपेचाचा खेळ: बुद्धिबळासारखी आळीपाळी नाही, तुम्ही विचार करत असता तेव्हा समोरचाही हालत असतो. मामींचं वय 56. चौदा एकर कपाशी, वेचणीला कधी बारा बाया, कधी वीस, आणि कुणाला कोणत्या धुऱ्याला लावायचं हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. म्हणजे या खेळाचा गाभा त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतो. येत नाही तो फक्त माऊस.

उद्दिष्ट: मामींनी कॉम्प्युटरविरुद्धचा एक सबंध डाव, हल्ल्यासकट, न घाबरता खेळायचा. "न घाबरता" कसं मोजायचं? त्या "थांबव, थांबव" किती वेळा ओरडतात ते मोजायचं.

4 नोव्हेंबर

पहिला प्रयत्न. नेहमीचा वेग, म्हणजे 1x. मौर्य निवडले, कारण मामींना हत्ती बघायचा होता. "थांबव" अकरा वेळा, अकरा मिनिटांत. बाराव्या मिनिटाला त्यांनी माऊस ठेवला आणि "माह्या छातीत धडधडते" म्हणत चहा टाकायला घरी गेल्या.

चूक माझी. मी त्यांना एकाच वेळी लाकूड, अन्न, घरं आणि शत्रू हे सगळं सांगत होतो. शेजारी बसून बोलणारा माणूस हा खेळाच्या वेगापेक्षा जास्त त्रासदायक असतो, हे आज कळलं.

7 नोव्हेंबर

आज ठरवलं की भरपूर पॉज वापरायचा. मामींच्या मनातली कल्पना सरळ होती: थांबवायचं, सगळ्यांना कामं सांगायची, मग चालू करायचं. शेतात तसंच होतं की, सकाळी सातला बांधावर उभं राहून सांगायचं आणि मग बाया कामाला लागतात.

पॉजची कळ `Pause` किंवा `Shift+Space`. माझ्या लॅपटॉपवर `Pause` कळच नाही, म्हणून दुसरीच वापरायची. दाबली. खेळ थांबला. स्क्रीनवर मोठी पाटी आली, `Game Paused`, आणि खाली `Click to Resume Game`. मामींनी लगेच एका बाईवर क्लिक केलं, आणि खेळ सुरू झाला. पुन्हा थांबवलं, पुन्हा क्लिक, पुन्हा सुरू. चार वेळा असं झाल्यावर त्यांना वाटलं आपण काहीतरी मोडलं.

मोडलं काहीच नव्हतं. ती पाटी सबंध स्क्रीनभर पसरलेली असते आणि कुठेही क्लिक केलं तरी "चालू कर" असाच अर्थ होतो. म्हणजे या खेळात पॉज आहे, पण पॉजमध्ये हुकूम देता येत नाहीत. दोन्ही गोष्टींना आपण "पॉज आहे" एवढंच म्हणतो आणि गल्लत होते. नवशिक्यासाठी खेळ निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: थांबलेल्या वेळात हुकूम घेतो का?

घेणारे खेळ आहेत. 2023 साली आलेल्या कंपनी ऑफ हीरोज 3 मध्ये एकट्याने खेळताना पूर्ण पॉज करून एकामागून एक हुकूम रांगेत लावता येतात. ती सोय मुद्दाम धीम्या माणसांचाही विचार करून केलेली दिसते. पण तो खेळ माझ्या लॅपटॉपवर उघडणारही नाही. ज्याच्याकडे तगडं यंत्र आहे त्याने तिकडे जावं. आमच्याकडे झिरो ए.डी. आहे, तर त्यातूनच वाट काढायची.

8 नोव्हेंबर

लाइट नव्हती. इन्व्हर्टर फक्त प्रिंटरपुरता.

9 नोव्हेंबर

नवी युक्ती: पॉज नाही तर वेगच इतका कमी करायचा की तो पॉजच वाटेल. डाव लावतानाच वेग निवडता येतो, आणि एकट्याने खेळताना चालू डावातही वरच्या पट्टीतून बदलता येतो. सगळ्यात खालचा वेग 0.1x, म्हणजे एका मिनिटाचं काम दहा मिनिटांत. म्हटलं, आता मामी आरामात क्लिक करतील.

उलटंच झालं, आणि ही आजवरची सगळ्यात उपयोगी चूक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मामींनी वाड्यावर (गावाच्या मध्यवर्ती इमारतीला त्या "वाडा" म्हणतात) क्लिक केलं आणि एक बाई बनवायचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा दाबलं. तिसऱ्यांदा. मग एकदम तीन बाया रांगेत दिसल्या आणि 150 अन्न गेलं. मामी घाबरल्या: "म्या एकच मांगतली होती!"

कारण असं की खेळ अखंड वाहत नाही, तो छोट्या घासांनी पुढे सरकतो. एकट्याच्या डावात एक घास 200 मिलिसेकंदांचा. तुम्ही दिलेला हुकूम पुढच्या घासाला लागू होतो. नेहमीच्या वेगात ते जाणवतही नाही. पण वेग 0.1x केला की हा घासही ताणला जातो, दहापट, म्हणजे दोन सेकंद. क्लिक करून दोन सेकंद काहीच न होणं, आणि समोर बसलेलं माणूस आधीच घाबरलेलं. ते पुन्हा क्लिक करणारच.

म्हणजे वेग कमी केल्याने भीती कमी होते, पण एका हद्दीपर्यंतच. त्या हद्दीच्या खाली "आपलं ऐकलं जात नाही" ही वेगळीच भीती सुरू होते. 0.5x वर हाच घास 0.4 सेकंदाचा होतो. तो बरोबर. मी एक-एक करून बघितलं: 0.25x वर मामी अजून दोनदा क्लिक करत होत्या, 0.5x वर नाही. वेग 0.5x पक्का. 0.1x फक्त बघण्यासाठी, लढाईत कोण कुठे पळतंय हे नीट पाहायला, आणि त्या वेळी माऊसला हात नाही.

12 नोव्हेंबर

डाव कसा लावायचा ते आज ठरलं, दोघांनी बसून.

वेग 0.5x. सुरुवातीचं साहित्य मध्यम, म्हणजे प्रत्येकी 500. समोर एकच कॉम्प्युटर खेळाडू. त्याचं नाव पेट्रा, आणि त्याच्या पायऱ्या `Sandbox`, `Very Easy`, `Easy` अशा वर जातात. `Sandbox` हल्ला करत नाही, म्हणून पहिले काही दिवस तोच. मग `Very Easy`. आणि सगळ्यात महत्त्वाचं, `Ceasefire`, युद्धबंदी. डाव लावण्याच्या खिडकीत ही सोय आहे आणि बरेचजण तिच्याकडे बघतही नाहीत. 20 मिनिटं लावली की तेवढा वेळ कुणी कुणावर हल्ला करूच शकत नाही. ती मिनिटं खेळाच्या घड्याळाची, आपल्या नाही. 0.5x वर ती 40 मिनिटं होतात. मामींना हा हिशेब फार आवडला. "म्हणजे आपल्याले दुप्पट मोहलत."

आणखी दोन गोष्टी सेटिंगमध्ये केल्या. खेळाच्या खिडकीतून बाहेर गेलं की खेळ आपोआप थांबतो, ही सोय चालूच होती, ती तशीच ठेवली, कारण मामींचा फोन वाजला की त्या सगळं सोडून उठतात, तेव्हा मी दुसरी खिडकी उघडली की खेळ थांबतो. दुसरी, हल्ला झाला की चॅटमध्ये तशी ओळ यावी, ही सोय मी चालू केली. शत्रू नकाशाच्या कोपऱ्यात आला तर लाल ठिपक्याकडे मामींचं लक्ष जाणार नाही, हे मला माहीत होतं. `user.cfg` मध्ये ही ओळ लागते:

```
gui.session.notifications.attack = "true"
```

पॉज आता फक्त एका कामासाठी: बोलायला. नियम असा केला. `Shift+Space` दाबायचं, मामींनी पुढची तीन कामं तोंडाने म्हणायची, मग क्लिक करून चालू करायचं आणि तीच तीन कामं करायची. चौथं काम सुचलं तर पुढच्या पॉजला. मी मध्ये बोलायचं नाही.

13 नोव्हेंबर

मी मध्ये बोललो. मामी रागावल्या. बरोबरच आहे.

16 नोव्हेंबर

`Sandbox` विरुद्ध पहिला पूर्ण तास. एक गोष्ट चांगली जमली आणि एक अडली.

जमली ती हत्तीची. मौर्यांना सुरुवातीलाच एक कामाचा हत्ती मिळतो आणि तो चालतं-फिरतं गोदाम असतो: लाकूडतोड्यांनी लाकूड वाड्यापर्यंत वाहून न्यायची गरज नाही, हत्ती जंगलाजवळ उभा केला की तिथेच टाकतात. मी हे समजवायला लागलो तर मामींनी हत्तीला आधीच झाडांच्या कडेला नेऊन ठेवलं होतं. "वेचलेल्या कापसासाठी बैलगाडी वावरातच उभी करतो नं आपण. बाया डोक्यावर ओझं घेऊन गावात थोड्याच येतात." मला हे कळायला दोन डाव लागले होते.

अडलं ते वीसवर. मामींना मी एक युक्ती शिकवली: बाई बनवण्याच्या बटणावर `Shift` धरून क्लिक केलं की एकदम पाच बनतात. एका बाईला 50 अन्न, म्हणजे पाचाला 250. एक-एक बनवली तर दर थोड्या वेळाने वाड्याकडे परत यावं लागतं. पाच एकदम सांगितल्या की मोकळं. पाचही एकत्र बाहेर पडतात म्हणून पहिली बाई उशिरा मिळते, पण मामींसाठी पाच क्लिकचं एक झालं हे जास्त मोलाचं. शिवाय वाडा निवडून झाडावर उजवं क्लिक करून ठेवलं की नव्या बाया थेट तोडायलाच जातात. मध्ये कुणाला हुकूम द्यावा लागत नाही. हल्ला येईपर्यंतची निम्मी धावपळ या एका उजव्या क्लिकने जाते.

मध्यम साहित्यात 500 अन्न, म्हणजे पाच-पाचाच्या दोन तुकड्या. पहिली निघाली. दुसरी काही वेळ रांगेत दिसली आणि तिथेच अडकून बसली. मामी वाट बघत राहिल्या. चार मिनिटं. मी ओठ दाबून बसलो (बारा तारखेचा नियम).

शेवटी त्यांनी पॉज केला आणि विचारलं, "हे बाया काऊन येऊन नाही रायल्या?" वाड्याची क्षमता वीस माणसांची असते. घर बांधलं नाही तर एकविसावा माणूस जन्माला येत नाही, पण त्याचं अन्न मात्र रांगेत टाकतानाच कापलेलं असतं. म्हणून दिसताना सगळं ठीक दिसतं: पैसे गेलेत, रांग आहे, फक्त पट्टी पुढे सरकत नाही. ओळखायची खूण वर आहे, लोकसंख्येचा आकडा. पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळ आला की घर.

मामींनी खडूने टेबलावर लिहिलं: "पंधरा झाले की घर." वीसपर्यंत थांबायचं नाही, कारण घर बांधायलाही वेळ लागतो. हा अंदाज त्यांचाच.

19 नोव्हेंबर

रिकाम्या माणसांची कळ: टिंब, म्हणजे `.`. दाबली की काम नसलेला मजूर सापडतो. कळेवर मी पिवळं स्टिकर लावलं. मामी दर पॉजनंतर आधी तीच दाबतात. आज एकूण रिकामी माणसं शून्य. माझ्या स्वतःच्या डावात कायम दोन-तीन असतात.

शेतं. एका शेताला 100 लाकूड आणि त्यात जास्तीत जास्त पाच जण. पाच जणांनाही एकाच शेतात घातलं की प्रत्येकाचं काम थोडं मंदावतं. मामी म्हणाल्या, "एका ओळीत दोन बाया लावल्या तर बोलतच बसतात, तसंच."

"थांबव" ओरडणं: चार वेळा. नियमाचे पॉज वेगळे, ते मी मोजत नाही.

23 नोव्हेंबर

पेट्रा `Very Easy`, युद्धबंदी 20. पहिला हल्ला.

युद्धबंदी संपली तेव्हा मामींकडे चाळिसेक माणसं होती, त्यातले सैनिक दहा, सगळे लाकूड तोडत. या खेळात साधे सैनिकही मजुरी करतात. युद्धबंदी संपल्यावर खेळाच्या घड्याळात पाचेक मिनिटांनी चॅटमध्ये ओळ आली. शत्रूचे सात जण बोरीच्या झुडपांजवळ पोचले होते, जिथे मामींच्या सहा बाया होत्या.

मामी उठूनच उभ्या राहिल्या. माऊस धरलेला, पण हात हलेना. मग सगळीकडे क्लिक. बाया निवडल्या गेल्या आणि शत्रूच्या अंगावर पाठवल्या गेल्या. पॉज विसरल्या. मी सांगितलेलं `Shift+Space` मीच दाबलं. चार बाया गेल्या होत्या.

पॉजमध्ये बोलायला सांगितलं, तर त्या काहीच बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मले हे आधी करून दाखव. वावरात रानडुक्कर आलं तं काय करायचं ते ठरलेलं असते, म्हणून भेव नाही वाटत."

म्हणजे वेग कमी असणं पुरत नाही. हल्ल्याच्या क्षणी विचार करायला वेळ मिळाला तरी विचार होत नाही. काय करायचं ते आधीच हातात बसलेलं असावं लागतं.

24 नोव्हेंबर

म्हणून कवायत. एकट्याच्या डावात कधीही सेव्ह करता येतं. कालच्यासारखाच डाव मी स्वतः 24 मिनिटांपर्यंत नेला, हल्लेखोर निघालेले दिसले तिथे सेव्ह केला, फाइलचं नाव `dukkar`. आता मामी तोच हल्ला पुन्हा पुन्हा उघडू शकतात. वीस मिनिटांची बांधणी पुन्हा करायला नको.

दोनच कामं ठरवली.

पहिलं, घंटा. वाडा निवडला की धोक्याच्या घंटेचं बटण दिसतं. वाजवली की जवळपासच्या बाया आपापल्या जवळच्या इमारतीत शिरतात. वाडा लवकर सापडावा म्हणून आधीच वाडा निवडून `Ctrl+1` दाबून ठेवलं. मग `1` दाबलं की वाडा निवडला जातो, पटकन दोनदा दाबलं की कॅमेराही तिथे जातो. म्हणजे घंटेसाठी माऊसने नकाशात शोधाशोध नाही.

दुसरं, सैनिक. घंटा फक्त बायांसाठी. सैनिक बाहेरच राहतात. ते दहाही `Ctrl+2` वर बांधले. `2`, आणि वाड्यावर उजवं क्लिक, म्हणजे ते वाड्यात शिरतात. पायदळ आत भरलं की वाड्यातून सुटणारे बाण वाढतात. बाया आत असल्याने बाण वाढत नाहीत, त्या फक्त वाचतात. हा फरक मामींना सांगणं गरजेचं होतं, कारण त्यांनी विचारलंच, "बाया आत हायेत तं बाण जास्त काऊन नाही?"

पहिल्या फेरीला तीन बाया गेल्या. दुसरीला एक. तिसरीला त्यांनी घंटा वाजवली, सैनिक आत घातले, आणि मग माऊस सोडून हात पदरात घेतले. सात जण वाड्याभोवती घुटमळले आणि बाणांनी संपले. मी वेग 0.1x वर नेला, बाण एकेक करून जाताना दाखवले. मामी हसल्या.

चौथीला गंमत झाली. हल्ला संपला, सगळं शांत, आणि अन्नाचा आकडा हलेना. घंटा परत वाजवून बायांना कामाला पाठवायचं राहून गेलं होतं. अर्ध गाव घरात बसलेलं. तिसरं काम म्हणून वहीत टाकलं: "डुक्कर गेलं, बाया बाहेर."

27 नोव्हेंबर

`dukkar` सहा वेळा. "थांबव" एकदाही नाही. पण हा सरावाचा आकडा, त्यात काय येणार ते माहीत असतं. खरं मोजमाप नव्या डावात.

एक तक्रार नोंदवून ठेवतो: दुकानात अर्जासाठी आलेली पोरं मागे उभी राहून "काकू, तिकडे बघा, काकू, सोनं घ्या" ओरडतात. मामींच्या धडधडीचं मोठं कारण आता तेच आहे. आठनंतर शटर अर्धं ओढायचं.

30 नोव्हेंबर

नवा डाव, नवा नकाशा, `Very Easy`, युद्धबंदी 20, वेग 0.5x. रात्री आठ दहाला सुरू.

पंधराला घर. हत्ती झाडाशी. 18व्या मिनिटाला मामींनी स्वतःहून पॉज केला आणि तीन कामं म्हटली: "दोन वर सैनिक बांधायचे, वाडा एक वर आहे का पाह्याचा, सेव्ह करायचं." तिसरं मी सांगितलेलं नव्हतं.

हल्ला आला तो भलत्याच बाजूने, खाणीकडून, आणि आठ जण. मामींचा श्वास वाढला हे मला ऐकू आलं. `1`, घंटा. `2`, वाड्यावर क्लिक. मग हात पदरात. एक बाई गेली, खाणीवरची, ती लांब होती. आठही संपले. "डुक्कर गेलं" असं पुटपुटत त्यांनी घंटा सोडवली आणि टिंब दाबलं.

"थांबव": एकदा, आणि ते मला, कारण मी टाळ्या वाजवल्या.

डाव जिंकायचा राहिला आहे. समोरच्याचं सगळं पाडल्याशिवाय तो संपत नाही, आणि चालून जाणं ही वेगळी कवायत आहे: तिथे वाडा जवळ नसतो, घंटा नसते. दहा वाजता मामी उठल्या. उद्यापासून दुसरी वेचणी, पहाटे बाया गोळा करायच्या आहेत.

"हे असंच ठेव," म्हणाल्या, "आन् नाव लिहून ठेव, वेचणी झाली की इथूनच धरतो."

सेव्ह केलं. नाव विचारलं तर म्हणाल्या, `dusri vechani`.

1 डिसेंबर

दुपारी मामा फटफटीवर आले. सातबारा काढायचा होता. जाताना विचारत होते, मामी झोपेत "घंटा, घंटा" काय म्हणून रायल्या.